माल कधी मागवायचा? फेरमागणी पातळी आणि सुरक्षा साठा : तेलाच्या पिशवीवरून एक पाठ



वाणिज्य शाखेच्या मुलांना साठा नियंत्रणाचा धडा शिकवताना आपण सूत्र फळ्यावर लिहितो, दोन गणितं सोडवतो आणि पुढे जातो. मुलं गुणाकार बरोबर करतात. पण "सर, दुकानदार असं खरंच करतो का?" असं एखाद्याने विचारलं की आपली गाडी अडते. म्हणून या पाठात एकच वस्तू घेऊ आणि तिचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवू. वस्तू आहे एक लिटर खाद्यतेलाची पिशवी. तालुक्याच्या बाजारपेठेतलं किराणा दुकान, रोज विकली जाणारी वस्तू, आणि जिल्ह्याच्या गावाहून टेम्पोने माल पाठवणारी एजन्सी. ज्या पालकांचं स्वतःचं दुकान किंवा मेडिकल आहे, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

दोन शब्द आधी पक्के करू. मागणी नोंदवल्यापासून माल दुकानाच्या फळीवर लागेपर्यंत जे दिवस जातात, तो पुरवठा कालावधी. दुकानदार त्याला लीड टाइमही म्हणतात. आणि साठा किती उरला की नवी मागणी द्यायची, तो आकडा म्हणजे फेरमागणी पातळी.

माल मागवल्यावर तो येईपर्यंत गिऱ्हाईक काही थांबत नाही. म्हणून मागणी देताना दुकानात एवढा माल हवा की तो येईपर्यंत पुरेल. रोज साधारण २४ पिशव्या जातात आणि माल साधारण ४ दिवसांनी येतो, तर २४ × ४ = ९६. साठा ९६ वर आला की फोन करायचा. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

खरी गंमत "साधारण" या शब्दात आहे. विक्री आणि दिवस दोन्ही सरासरीच्या आजूबाजूलाच राहिले, तर कधी थोडं जास्त लागणार, कधी थोडं कमी. म्हणजे ९६ वर मागणी देणाऱ्या दुकानात, माल येण्याआधी तेल संपण्याची शक्यता ढोबळमानाने निम्मी. ही निम्मी शक्यता कमी करण्यासाठी ९६ च्या वर जो माल ठेवायचा, तो सुरक्षा साठा. तो किती ठेवायचा, हाच आजचा प्रश्न.

आधी वही उघडू

दुकानदाराकडे दोन नोंदी हव्यात. पहिली, रोजची विक्री. दहा दिवसांच्या पिशव्या अशा धरू :

२१, ३१, १८, २६, १५, ३४, २४, २०, २९, २२

दुसरी, मागच्या दहा मागण्यांना माल यायला लागलेले दिवस :

३, ४, ४, २, ३, ८, ४, ३, ७, २

(आकडे शिकवायला सोयीचे घेतलेत, म्हणजे वर्गमुळं सरळ सुटतात. प्रत्यक्षात विक्रीच्या निदान महिना-दोन महिन्यांच्या नोंदी घ्याव्यात. दहा फार कमी.)

विक्रीची बेरीज २४०, सरासरी २४. प्रत्येक दिवसाचा सरासरीपासूनचा फरक काढा, त्याचे वर्ग करा, बेरीज ३२४ येते. ९ ने भागलं की ३६, त्याचं वर्गमूळ ६. म्हणजे रोजच्या विक्रीचं प्रमाण विचलन ६ पिशव्या. पुरवठा कालावधीची बेरीज ४०, सरासरी ४ दिवस. फरकांच्या वर्गांची बेरीज ३६, ९ ने भागून ४, वर्गमूळ २. म्हणजे दिवसांचं प्रमाण विचलन २ दिवस.

मुलांना इथे थांबवून एक प्रश्न विचारा : यातली जास्त त्रासदायक अनिश्चितता कोणती? विक्रीची ६ की दिवसांची २? बहुतेक मुलं ६ म्हणतात, कारण ६ हा आकडा मोठा आहे. पण एक आकडा पिशव्यांत आहे आणि दुसरा दिवसांत. दोन्ही पिशव्यांत आणल्याशिवाय तुलना होत नाही.

विक्रीची अनिश्चितता ४ दिवसांत किती होते? ६ × ४ = २४ असं पटकन तोंडात येतं, पण ते बरोबर नाही. आज जास्त विकलं म्हणून उद्याही जास्तच विकेल असं नसतं. एक दिवस जास्त, एक दिवस कमी, असं थोडं एकमेकांत जिरतं. म्हणून दिवसांनी न गुणता दिवसांच्या वर्गमुळाने गुणायचं : ६ × २ = १२ पिशव्या.

आता दिवसांची अनिश्चितता. माल एक दिवस उशिरा आला तर २४ पिशव्या जास्त लागतात. दोन दिवस म्हणजे ४८. इथे जिरण्याची सोय नाही, कारण एका मागणीला उशीर एकदाच होतो आणि तो सगळा अंगावर येतो. म्हणून २४ × २ = ४८ पिशव्या.

एकीकडे १२, दुसरीकडे ४८. झटपट खपणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत हेच वारंवार दिसतं. खप जितका जास्त, तितका उशिराचा एकेक दिवस महाग पडतो. दुकानदार मात्र "गिऱ्हाइकाचा काही भरवसा नाही" असं म्हणत राहतो आणि टेम्पोचा भरवसा मोजतच नाही.

दोन्ही एकत्र

१२ आणि ४८ यांची सरळ बेरीज ६० करायची नाही. विक्रीही चढली आणि नेमका त्याच वेळी टेम्पोही अडकला, असं दर वेळी होत नाही. म्हणून वर्ग करून मिळवायचे : १४४ + २३०४ = २४४८, वर्गमूळ सुमारे ४९.५. काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखंच हे. नववी-दहावीची गणितं आठवणाऱ्या मुलांना ही तुलना लगेच पटते. लांब बाजू ४८ असेल तर १२ ची बाजू कर्णात जेमतेम दीडाची भर घालते.

आता किती सावधगिरी हवी ते ठरवायचं. वीस मागण्यांपैकी एकोणीस वेळा तेल संपू नये असं दुकानदार म्हणाला, तर ती ९५ टक्के खात्री. त्यासाठी सामान्य वितरणाच्या तक्त्यातला गुणक १.६४५. सुरक्षा साठा = १.६४५ × ४९.५, म्हणजे ८२ पिशव्या. फेरमागणी पातळी = ९६ + ८२ = १७८.

फक्त विक्रीची अनिश्चितता धरली असती तर? १.६४५ × १२, म्हणजे २०, पातळी ११६. वहीतल्या दहा मागण्या डोळ्यासमोर आणा. ११६ पिशव्या रोज २४ ने पाच दिवससुद्धा धड पुरत नाहीत. आठ वेळा निभावलं असतं, पण सात आणि आठ दिवस लागले त्या दोन्ही वेळी फळी दोन-तीन दिवस रिकामी राहिली असती. तेल नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक बाकीची यादीही शेजारच्या दुकानात देतं, हे दुकानदाराला सांगायला नको.

उलट टोकही बघू. कॉस्टिंगच्या पुस्तकात एक सूत्र असतं : कमाल वापर गुणिले कमाल कालावधी. आपल्या नोंदींत ते ३४ × ८ = २७२ होतं. सूत्र सोपं आहे, परीक्षेला येतं, जरूर शिकवावं. पण त्यात सलग आठ दिवस रोज विक्रमी विक्री आणि तेही सर्वात उशिराच्या खेपेला, असं धरलेलं आहे. १७८ च्या तुलनेत ९४ पिशव्या जास्त. खरेदी किंमत पिशवीला १४० रुपये धरली तर तेरा हजारांवर रुपये नुसते पडून. ज्याचं भांडवलच लाखभर आहे त्याला हे परवडत नाही.

ज्यांना संगणकावर करून दाखवायचंय त्यांनी विक्री B2 ते B11 मध्ये आणि दिवस C2 ते C11 मध्ये लिहावेत, आणि एका रिकाम्या चौकटीत हे टाकावं :

```
=AVERAGE(B2:B11)*AVERAGE(C2:C11)+NORM.S.INV(0.95)*SQRT(AVERAGE(C2:C11)*VAR.S(B2:B11)+AVERAGE(B2:B11)^2*VAR.S(C2:C11))
```

उत्तर १७७.४ च्या आसपास येईल. पिशवी अर्धी ठेवता येत नाही, म्हणून वरचा पूर्णांक.

सूत्रावर विश्वास किती ठेवायचा?

आता मुलांना वहीत परत बघायला सांगा. दहा मागण्यांपैकी आठ वेळा माल २ ते ४ दिवसांत आला. दोनदा ७ आणि ८ दिवस लागले. पाच-सहा दिवस एकदाही नाहीत. म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना हळूहळू उतरणारा घंटेचा आकार इथे नाहीच. हे दोन वेगळे प्रकार आहेत : टेम्पोत जागा मिळाली तर माल लगेच येतो, टेम्पो भरला तर पुढच्या फेरीला. १.६४५ हा गुणक मात्र घंटेच्या आकाराचा आहे.

फरक किती पडतो ते एक खेळ सांगतो, आणि या पाठातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. दोन डबे घ्या. एकात दिवसांच्या दहा चिठ्ठ्या, दुसऱ्यात विक्रीच्या दहा. एका मुलाने पहिल्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची. समजा ४ आली. मग दुसऱ्या डब्यातून चार वेळा चिठ्ठी काढायची, दर वेळी परत टाकून डबा हलवायचा, आणि चारांची बेरीज फळ्यावर लिहायची. ही झाली एका मागणीच्या काळातली विक्री. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस बेरजा मिळतात. शेवटी १७८ च्या वर किती गेल्या ते मोजा.

९५ टक्के खात्रीप्रमाणे चाळीसात दोनच जायला हव्यात. प्रत्यक्षात साधारण चारच्या आसपास जातात. एखाद्या वर्गात दोन, एखाद्यात सहाही. आणि वर गेलेल्या बेरजा कुठल्या ते विचारा : सगळ्या ७ किंवा ८ ची चिठ्ठी आलेल्या. २-३-४ वाल्या तिथपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे सूत्राने वीसात एकदा चूक होईल असं म्हटलं, पण या दुकानात ती दहात एकदा होते. वीसात एकच चूक हवी असेल तर पातळी १९४ च्या आसपास न्यावी लागते. तेलाचा बॉक्स १२ पिशव्यांचा असेल, तर १६ बॉक्स म्हणजे १९२. दुकानदाराने भिंतीवर "१६ बॉक्स" एवढंच लिहिलं तरी पुरे.

पालकांपैकी कुणी दुकान चालवत असेल तर त्यांना सूत्रापेक्षा ही चिठ्ठ्यांची रीत जास्त जवळची वाटेल. त्यात वर्गमूळ नाही, तक्ता नाही, फक्त स्वतःच्या वहीतले आकडे आहेत.

"९५ टक्के" या शब्दाचाही नीट अर्थ सांगावा, कारण इथे मोठी माणसंसुद्धा घसरतात. शंभरातल्या पंचाण्णव गिऱ्हाइकांना तेल मिळेल, असा याचा अर्थ नाही. शंभर मागण्यांपैकी पंचाण्णव वेळा माल येईपर्यंत फळी रिकामी होणार नाही, असा आहे. दुकानदार दर वेळी २० बॉक्स म्हणजे २४० पिशव्या मागवत असेल, तर ते दहा दिवसांचं तेल. वर्षाला साधारण ३६ मागण्या होतात. वीसात एक या हिशेबाने वर्षातून दोनदा तेल संपेल, दहात एक धरलं तर चार वेळा. ही भाषा दुकानदाराला कळते. तो "दोनदा चालेल" किंवा "नाही चालणार" असं लगेच सांगतो. नाही चालणार म्हणाला आणि ९९ टक्के खात्री हवी असेल, तर गुणक २.३३ होतो आणि सूत्राप्रमाणे सुरक्षा साठा ८२ वरून ११६ वर जातो. शेवटचे चार टक्के ३४ पिशव्यांना पडतात.

एजन्सीला काय मागायचं?

मुलांना विचारा, दुकानदाराला एजन्सीकडून एकच सवलत मिळणार असेल तर कोणती घ्यावी : माल सरासरी एक दिवस लवकर, की सरासरी तीच पण उशीर कमी-जास्त होणं निम्म्यावर?

पहिली सवलत घेतली तर कालावधी ३ दिवस, विचलन २ च. सुरक्षा साठा ८२ वरून ८१. एका पिशवीचा फरक! (फेरमागणी पातळी अर्थात १५३ पर्यंत उतरते, पण वाटेतल्या दिवसांत विकला जाणारा माल पडून राहत नाही, सुरक्षा साठा राहतो.) दुसरी सवलत घेतली तर कालावधी ४ च, विचलन १. मग १४४ + ५७६ = ७२०, वर्गमूळ २६.८, आणि सुरक्षा साठा ४५. म्हणजे ३७ पिशव्या, १४० च्या भावाने ५१८० रुपये मोकळे, आणि तेही एकाच वस्तूत. म्हणून "लवकर पाठवा" म्हणण्यापेक्षा "आमचे बॉक्स टेम्पोत आधी चढवा, पुढच्या फेरीवर ढकलू नका" हे मागणं जास्त फायद्याचं.

त्यासाठी उशिराची कारणं वहीत लिहिलेली हवीत. मागणीच्या तारखेसमोर आणि माल आल्याच्या तारखेसमोर एक शब्द पुरतो : टेम्पो भरला, मागचं बिल बाकी, कंपनीकडूनच माल नाही. बिल बाकी राहिल्यामुळे माल थांबत असेल तर तो उशीर एजन्सीचा नाही, आपलाच आहे, आणि त्यावर सुरक्षा साठा हा उपाय नाही.

आकडे कुठे फसवतात

सगळ्यात मोठी फसगत तेल संपलेल्या दिवसाची. त्या दिवशी वहीत विक्री शून्य किंवा पाच दिसते. ती मागणी नव्हे, तो आपल्याकडे माल नसल्याचा पुरावा आहे. असे दिवस सरासरीत धरले की सरासरी खाली येते, त्यावरून काढलेली पातळी खाली येते, तेल आणखी वेळा संपतं, आणि सरासरी पुन्हा खाली. वर्षभरात वही सांगायला लागते की इथे तेलाला फारसा खपच नाही. म्हणून दुपारीच माल संपला असेल तर त्या दिवसापुढे फुली मारा आणि तो दिवस हिशेबातून वगळा.

पुरवठा कालावधीही कुठून मोजतो ते बघावं. एजन्सीवाला माल गाडीत चढवल्यापासून मोजतो. आपण फोन केल्यापासून फळीवर लागेपर्यंत मोजायचं. वीस बॉक्स सांगून बारा आले आणि आठ नंतर आले, तर आठांचा कालावधी वेगळा लिहायचा.

साठा मोजताना फळीवरचा, आतल्या खोलीतला आणि मागवलेला पण न आलेला, असा तिन्हींचा हिशेब धरायचा. नाहीतर साठा पातळीखाली आहे म्हणून सकाळी वडील फोन करतात आणि संध्याकाळी मुलगाही करतो.

हा सगळा हिशेब साठा रोज पाहिला जातो असं धरून आहे. फक्त रविवारी मोजणाऱ्या दुकानात साठा सोमवारीच पातळीखाली गेला तरी ते पुढच्या रविवारी कळतं. अशा ठिकाणी ४ दिवसांऐवजी ७ + ४ = ११ दिवसांची विक्री धरावी लागते, म्हणजे सुरक्षा साठ्याआधीच २६४ पिशव्या. जलद खपणाऱ्या आठ-दहा वस्तू रोज आणि बाकीच्या आठवड्याने मोजणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि दिवाळी. वर्ग करून मिळवताना आपण धरलं होतं की विक्री आणि उशीर यांचा एकमेकांशी संबंध नाही. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात फराळाचं तेल सगळीकडे एकदम लागतं, सगळीच दुकानं एकदम मागणी देतात, आणि टेम्पो त्याच दिवसांत भरतात. दोन्ही एकाच कारणाने वाढतात, तेव्हा कर्णाचा हिशेब कमी पडतो. त्या पंधरवड्यासाठी मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांची विक्री आणि त्याच दिवसांचे उशीर वेगळे काढून पातळी ठरवावी, आणि भाऊबीज झाली की भिंतीवरचा आकडा पुन्हा १६ बॉक्सवर आणावा.